३१ जुलै, संध्याकाळी ७ ते ८: गाण्यांमधल्या लिंक

७.०० | सुरुवात, ५० सेकंद. सिग्नेचर ट्यून खाली ठेवायची, बंद करायची नाही.

नमस्कार रत्नागिरी! सात वाजलेत. आठपर्यंत मी तुमच्यासोबत आहे, आणि बोलण्यापेक्षा गाणी जास्त असणार आहेत.

आज सूर्य सात-दहाच्या सुमाराला मावळेल. ढग इतके दाटलेत की तो मावळताना कुणाला दिसायचा नाही. पण त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं जरा अंगणात, गॅलरीत या. ढगांना कुठे फट पडलीच, तर तिथलं निळं बघा. दुपारच्या निळ्यापेक्षा ते गडद असतं. या वेळी सूर्याचा प्रकाश हवेतून तिरपा, लांबून येतो. वाटेत ओझोनचा थर त्यातला पिवळा-नारिंगी भाग शोषून घेतो आणि मागे हा सावळा रंग उरतो. शास्त्रज्ञांना हे गणित मांडून सापडलं. गवळणींना, गुराख्यांना आणि कवींना तो रंग आधीपासून माहीत होता. सुधीर मोघ्यांचे शब्द, श्रीधर फडके यांची चाल, आवाज आशाताईंचा.

▶ सांज ये गोकुळी

७.०६ | १५ सेकंद. गाणं पूर्ण संपू द्यायचं, मग बोलायचं.

आशाताई या गाण्यात कुठेही आवाज चढवत नाहीत. अख्खी संध्याकाळ त्यांनी नुसत्या हळू बोलण्यावर तोलून धरली आहे. आता एक दमदार गाणं.

▶ ऐरणीच्या देवा तुला

७.११ | ४० सेकंद

'साधी माणसं', १९६५. भालजी पेंढारकरांचा चित्रपट, शब्द जगदीश खेबुडकरांचे. श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून नाव आहे आनंदघन, आणि आनंदघन म्हणजे स्वतः लतादीदी.

आता गंमत बघा. त्या काळात बहुतेक संगीतकार लतादीदींसाठी आपली सगळ्यात अवघड जागा राखून ठेवायचे. आणि लतादीदी स्वतः चाल करायला बसल्या तेव्हा लता मंगेशकर या गायिकेला त्यांनी काय दिलं? लोहाराच्या घरातली बाई काम करता करता म्हणू शकेल अशी साधी, सरळ चाल. भाता ओढताना दम लागतो, तेवढीच ओळ लांब. गळ्याची करामत दाखवायला पूर्ण मोकळीक होती, ती त्यांनी घेतली नाही. मला हा त्यांच्यातल्या संगीतकाराचा फार मोठा निर्णय वाटतो.

दीदींनंतर आता अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा.

▶ शुक्रतारा मंद वारा

७.१७ | ४५ सेकंद. घाई करायची नाही, शेवटचं वाक्य झालं की लगेच गाणं.

मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे. हे गाणं आपण रात्री कितीही वाजता लावतो. शुक्र मात्र रात्री कितीही वाजता भेटत नाही. आपल्याकडून पाहिलं तर तो सूर्यापासून ४८ अंशांपेक्षा लांब कधी जातच नाही. म्हणून तो एकतर दिवस मावळल्यावर पश्चिमेला दिसतो, नाहीतर पहाटे पूर्वेला. आपल्याकडे मध्यरात्री डोक्यावर शुक्र आहे, असं कधी घडत नाही. संध्याकाळचा शुक्र फार तर तीन-साडेतीन तास, की गेला क्षितिजाखाली.

म्हणजे या दोघांकडे वेळ तेवढाच आहे. आणि तरी खळेकाकांच्या चालीत कुठे धावपळ ऐकू येते का? वेळ थोडा आहे हे माहीत असूनही निवांत बसता येणं, हे या गाण्यातलं खरं प्रेम आहे.

पुढचं गाणं शाळेतल्या मंडळींसाठी. उद्या सुट्टी मिळेल का, म्हणून सकाळपासून आभाळाकडे बघणाऱ्यांसाठी.

▶ सांग सांग भोलानाथ

७.२२ | ३० सेकंद

पाडगावकरांचंच गाणं, मीना खडीकर यांचं संगीत. या गाण्यातल्या मुलाची हुशारी कळली का? पाऊस पडेल का, शाळेला सुट्टी मिळेल का, हे त्याने बाबांना विचारलं नाही, बाईंनाही नाही. विचारलं नंदीबैलाला! नंदीबैलवाला ढोलकं घुमवतो, गुबुगुबु आवाज होतो, आणि नंदी मान हलवतो. तो 'नाही' म्हणत नाही. मनासारखं उत्तर मिळण्याची खात्री कुठे आहे, ते या पोराने बरोबर हेरलंय.

संगमेश्वर, लांजा, राजापूरच्या पालकांनो, सुट्टीची खरी बातमी शाळेकडूनच घ्या.

▶ शोधिसी मानवा राऊळी मंदिरी

७.२८ | ३५ सेकंद. हे गाणं आज वाजलंच पाहिजे. वेळ कमी पडला तर दुसरं काही कापायचं, हे नाही.

३१ जुलै १९८०. मोहम्मद रफी गेले तो हा दिवस. वंदना विटणकरांचे शब्द, श्रीकांत ठाकरे यांचं संगीत.

पुन्हा कधी हे गाणं ऐकाल तेव्हा पहिल्याच ओळीतल्या 'राऊळी'मधला ळ कान देऊन ऐका. हिंदीत, उर्दूत हा उच्चार नाही, त्यामुळे तिकडच्या गायकांना तो जड जातो. पण रफीसाहेब अमृतसरजवळच्या कोटला सुलतान सिंग गावचे. त्यांच्या पंजाबीत ळ आहे. मुंबईत मराठी गाताना त्यांच्या जिभेवर जो ळ येतो, तो लहानपणी घरातही ऐकलेला असणार. आज दिवसभर त्यांची हिंदी गाणी वाजली असतील. या कार्यक्रमात त्यांना मराठीतूनच नमस्कार.

▶ या चिमण्यांनो परत फिरा रे

७.३४ | ४० सेकंद. मेसेज वाचायचा, नाव घ्यायचं नाही, त्यांनी तसं सांगितलंय.

'जिव्हाळा' चित्रपट, ग. दि. माडगूळकर, श्रीनिवास खळे, लतादीदी. या गाण्याची फर्माईश लांज्याहून आली. त्या ताई लिहितात, "धाकटा परवा पुण्याला हॉस्टेलवर गेला. दोन दिवस मी भात जास्तच लावतेय."

ताई, चिमण्यांचं एक सांगते. संध्याकाळी एखाद्या झाडावर त्यांचा केवढा कालवा चालतो, बघितलाय ना? पिल्लं बाहेर पडली, की रात्री पुष्कळशा चिमण्या घरट्यात जातच नाहीत. एका दाट झाडावर शंभर-दीडशे जमतात, जागेसाठी भांडतात, आणि मग एकमेकींशेजारी झोपतात. तुमचा चिरंजीव आत्ता बहुधा तशाच एका कालव्यात, मेसच्या रांगेत उभा असेल. आठ वाजता फोन करा, तोवर जेवण झालेलं असेल त्याचं.

▶ माझी मैना गावावर राहिली

७.४० | ६० सेकंद. आजची सगळ्यात मोठी लिंक. मागे काहीही वाजवायचं नाही.

उद्या १ ऑगस्ट, अण्णा भाऊ साठे यांची जयंती. १९२० साली वाटेगावात जन्मलेले अण्णा भाऊ लहानपणीच मुंबईला आले, गिरणगावात राहिले, आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ही छक्कड त्यांनी दिली. सुरुवातीला एका कामगाराची गावाकडे राहिलेली बायको, आणि बघता बघता ती मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तुटलेला मुलूख होऊन जाते.

कोकणाला हे गाणं समजावून सांगायला नको. आपल्या कितीतरी घरांत एक माणूस मुंबईला आणि बाकीचे इथे, असंच चाललंय. पण आज दुपारी मी मिरकरवाड्याला गेले होते. बोटीवर चार पोरं दोर गुंडाळत होती. एकाने मोबाईल बर्फाच्या पेटीला टेकवून ठेवला होता, व्हिडिओ कॉल चालू, आणि पलीकडे डोंगरउतारावरचं घर. नेपाळमधलं. आपल्या बोटींवर नेपाळी खलाशी पुष्कळ आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. ज्या देशाला समुद्रच नाही, तिथली मुलं आपली जाळी ओढतात.

म्हणजे मैना गावावर ठेवून आलेल्यांच्या रांगेत आपण पुढे होतो, आता मागून ही मुलंही उभी आहेत, आणि त्यांची मुंबई म्हणजे आपली रत्नागिरी. जेट्टीवर एखादा भेटला तर त्याला गावाचं नाव विचारा. खूप खुलून सांगतात.

आता पावसाचं गाणं.

▶ श्रावणात घन निळा बरसला

७.४६ | १५ सेकंद

आजच्या तासात श्रीनिवास खळे आले ते हे तिसऱ्यांदा. ठरवून केलं नाही. पावसाळ्यातल्या संध्याकाळची गाणी निवडायला बसलं की ते येतातच.

▶ वाद्यसंगीत, बासरी, २ मिनिटं. यावर हवामान आणि भरती-ओहोटी वाचायची, बंदर कार्यालयाचा आजचा कागद टेबलावर आहे.

७.५१ | ५० सेकंद

हवामान ऐकलंत. बावट्याकडे लक्ष ठेवा, आणि बंदरावरून सांगतील तसंच करा.

१ जूनला सुरू झालेली मासेमारीबंदी आज संपतेय. ६१ दिवस माशांना अंडी घालायला, पिल्लांना वाढायला दिले. काही बोटी लगेच निघतील, काही नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन निघतील.

पुढच्या गाण्यातला डोलकर मात्र आपल्या ट्रॉलरवाल्यांसारखा नव्हे. डोल हे लांब पिशवीसारखं जाळं. वसई, पालघर, मुंबईकडे बोंबील, जवळ्यासाठी लावतात. खुंटांना बांधून त्याचं तोंड पाण्याच्या ओढीसमोर धरायचं, बस्स. मासळीच्या मागे जायचं नाही, पाणीच ती आणून देतं. भरतीची ओढ कधी, ओहोटीची कधी, चंद्र कुठल्या तिथीचा, हे ज्याला कळलं त्याचं जाळं भरतं. हा दर्याचा राजा हुकूम सोडत नाही, त्याला दर्याचं वेळापत्रक पाठ असतं. आणि ऐकताना बघा, हृदयनाथांनी तालही तसाच धरलाय, पुढे जातो आणि मागे येतो. शांता शेळके यांचे शब्द, हेमंतकुमार आणि लतादीदी.

▶ मी डोलकर

७.५६ | १५ सेकंद. गाण्याच्या शेवटच्या सुरांवर.

उद्या या वेळी फर्माईशींचा तास. विषय आहे 'बाजाराच्या दिवशीची गाणी'. मेसेजमध्ये गाव लिहायला विसरू नका, मला गावांची नावं वाचायला आवडतात. आता बातम्यांपर्यंत पुन्हा थोडी बासरी.

▶ बासरी, ८.०० पर्यंत

राखीव लिंक | २० सेकंद. एखादी फाईल उघडली नाही किंवा वीज जाऊन जनरेटरवर आलो, तर.

मंडळी, एक मिनिट द्या, गाणं येतंय. तोवर एक काम करा. आत्ता तुमच्या घरात पावसाचा आवाज कशावर पडतोय, ते ऐका. कौलावर, पत्र्यावर, माडाच्या झावळ्यांवर की स्लॅबवर? प्रत्येकाचा ताल निराळा आहे. मेसेज करून कळवा, आणि हे घ्या तुमचं गाणं.

▶ अडकलेलं गाणं, सुरुवातीपासून