डिटेक्टर रिपोर्ट कसा वाचायचा: शनिवारच्या वर्कशॉपचा प्लॅन

कोणासाठी: टीवायचे प्रोजेक्ट आणि एमकॉम, एमएचे डिझर्टेशन गाईड करणारे सगळे सर-मॅडम, एक्झाम सेलचे दोघे, आणि ऑफिसमधून एकजण, कारण मेमो तिकडूनच टाईप होतो.
कुठे, कधी: दुसऱ्या मजल्यावर ई-लायब्ररी, शनिवारी सकाळी १० ते १:३०. घोडबंदरकडून येणाऱ्यांनी ट्रॅफिकचं कारण देऊ नये, ते आम्ही धरूनच चाललोय, म्हणून खरी सुरुवात १०:१५ ला.

हे कशाला काढलं ते आधी सांगते. गेल्या सेमिस्टरला कॉपी आणि एआय तपासणाऱ्या डिटेक्टरच्या रिपोर्टचं पहिलं पान बघून, तिथला आकडा बघून, विद्यार्थ्यांना तीन मेमो गेले आणि त्यातले दोन आपल्याला गुपचूप मागे घ्यायला लागले. पूर्ण रिपोर्ट कोणी उघडलाच नव्हता (मीसुद्धा नाही, लायब्ररीतून पीडीएफ फॉरवर्ड करून मोकळी झाले). म्हणून या वेळी लेक्चर कमी, हातात कागद जास्त.

१०:१५, दोन आकडे वेगळे करणे

पहिल्या वीस मिनिटांत एकच गोष्ट डोक्यात बसवायची: सिमिलॅरिटीचा आकडा आणि एआयचा आकडा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सिमिलॅरिटी म्हणजे हे शब्द आधी कुठेतरी छापलेले सापडले, सोर्स समोर दिसतो, लिंक उघडून ताडून बघता येतं. एआयचा आकडा हा अंदाज आहे, पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, वाक्यं किती एकसारखी गुळगुळीत आहेत असं बघून मशीन ठोकताळा लावतं, तिथे ताडून बघायला सोर्सच नसतो. टर्निटिनमध्ये १ ते १९ टक्क्यांच्या मधलं आलं तर ते आकडाच देत नाहीत, नुसतं `*%` दाखवतात, कारण तिथे चूक होण्याची शक्यता जास्त. मागे कोणीतरी मला विचारलेलं की स्टार म्हणजे चांगलं का वाईट. दोन्ही नाही.

इथेच युजीसीचा २०१८ चा रेग्युलेशन वाचायचा, झेरॉक्स प्रत्येकाला देणार. १० टक्क्यांपर्यंत माफ, १० ते ४० लेव्हल १, ४० ते ६० लेव्हल २, त्यावर लेव्हल ३, हे सगळ्यांना पाठ आहे. पण डेफिनिशनचा परिच्छेद कोणी वाचत नाही, त्यात सरळ लिहिलंय की असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट, निबंध, उत्तरपत्रिका यात येत नाहीत. म्हणजे बीएमएसच्या पोराला "युजीसी नियमाप्रमाणे लेव्हल १" असं लिहून दिलेला मेमो टिकणारच नाही. आणि हे टक्के सिमिलॅरिटीचे आहेत, एआयचे नाहीत. एमकॉमच्या डिझर्टेशनला नियम लागू आहे, तिथेही संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, नीट संदर्भ देऊन घेतलेले उतारे वगळून मगच मोजायचं.

१०:४०, ग्राफ पेपरचा खेळ

प्रत्येक टेबलवर २० गुणिले २० चौकोनांचा कागद. ४०० चौकोन म्हणजे ४०० प्रोजेक्ट. समजा ४० जणांनी खरंच मशीनकडून लिहून घेतलंय, ते पेन्सिलने रंगवा. समजा डिटेक्टर त्यातले ८० टक्के पकडतो, ३२ झाले. उरलेले ३६० प्रामाणिक, त्यातल्या फक्त ५ टक्क्यांवर तो चुकून बोट ठेवतो, ते १८. एकूण पकडले ५० आणि त्यातले १८ निर्दोष. आकडे धरून चाललेले आहेत, पण गणिताच्या सरांनी आधीच सांगितलंय की इथे लोक गप्प होतात.

मग दोन गोष्टी पटकन सांगायच्या. ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये काढला आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये बंद केला. आणि त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या लोकांनी सात डिटेक्टरांना टोफेलचे ९१ निबंध दिले, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी लिहिलेले, सरासरी ६१ टक्के निबंध मशीनचे ठरले. आपल्याकडे दिवा, कळवा, मुंब्र्याहून येणारी, दहावीपर्यंत मराठी किंवा उर्दू मिडियमला शिकलेली मुलं साधं, पाठ केलेल्या वळणाचं इंग्रजी लिहितात, तेव्हा हे आपल्याच वर्गाबद्दल आहे असं धरा.

११:१५, चहा. मिसळ नंतर, आधी दिली तर केस स्टडीला झोपा काढाल.

११:३०, चार फायली

नावं काढून टाकलीत. प्रत्येक टेबलला एक, आधी पहिलं पान झाकायचं आणि आतली पानं वाचून मत लिहायचं, मग आकडा उघडायचा.

फाईल अ: टीवायबीएमएस, सिमिलॅरिटी ३८ टक्के. आत बघितलं तर सर्टिफिकेट, डिक्लरेशन, प्रश्नावली आणि संदर्भसूचीच रंगलेली, हे सगळं आपणच दिलेल्या फॉरमॅटमधलं आहे. फिल्टर लावून परत काढला तर ९.

फाईल ब: एमए, एआय ७२ टक्के. मुलगी म्हणते मी मराठीत लिहिलं आणि ट्रान्सलेटरमधून काढलं, वही आहे. इथे उत्तर सोपं नाही, कारण भाषांतराला टूल चालेल की नाही हे आपण कुठेच लेखी दिलेलं नाही. टेबलवर भांडण झालं तर होऊ द्या.

फाईल क: सिमिलॅरिटी ४, एआय ०. झकास ना? सर्व्हेमध्ये १०० जण लिहिलेत, गूगल फॉर्ममध्ये ३१ उत्तरं, आणि सहा संदर्भांपैकी चार अस्तित्वातच नाहीत. ही फाईल मला सगळ्यात आवडते, कारण रिपोर्ट हिरवा आहे आणि गडबड इथेच आहे.

फाईल ड: मराठी विभागाचा प्रोजेक्ट, एआय ५५. टूल ज्या भाषेवर चालतं म्हणून कंपनी सांगते त्या यादीत मराठी नाही, तर तो आकडा फाईलला लावायचाच नाही. दोन मिनिटांत संपेल.

१२:२०, रोल प्ले

तिघांचा गट: गाईड, विद्यार्थी, बघणारा. विद्यार्थी सिनियर मॅडम-सरांनीच व्हायचं, हे मुद्दाम. विद्यार्थ्याच्या कार्डावर खरं काय ते लिहिलेलं असेल, गाईडला माहीत नसेल. एका कार्डावर मुलाने खरंच चॅटबॉटकडून दुसरा चॅप्टर घेतलाय, एकावर अजिबात नाही पण तो घाबरून अडखळतोय, एकावर वडील सोबत आलेत आणि तेच बोलतायत.

गाईडने असं सुरू करायचं नाही: "हे तू लिहिलंयस का, खरं सांग." असं करून बघा: "बस. हा दुसरा चॅप्टर कसा लिहिलास ते सांग, आधी काय वाचलंस?" मग ड्राफ्ट मागा, डॉक्युमेंटची व्हर्जन हिस्टरी उघडायला सांगा, आणि त्याच चॅप्टरमधल्या एका परिच्छेदावर तिथेच पाच ओळी हाताने लिहायला द्या, पण इंग्रजीत अडला तर मराठीत समजावून सांगू द्या. वडिलांना खुर्ची द्यायची, चहा विचारायचा, आणि "काका, दोन मिनिटं त्याला बोलू दे" एवढं ठामपणे म्हणायचं.

बघणाऱ्याने फक्त मोजायचं: टक्के हा शब्द गाईडने किती वेळा उच्चारला. तीनपेक्षा जास्त झाला तर परत पहिल्यापासून.

१:१०, मेमोचा नवा मसुदा

आता मेमोत "रिपोर्टनुसार दोषी" हे वाक्य राहणार नाही. त्याऐवजी: "आपल्या प्रोजेक्टमधील पान १४ ते १९ बाबत चर्चा करायची आहे. ड्राफ्ट, नोंदी व फॉर्मचा डेटा घेऊन बुधवारी ११ वाजता विभागात यावे. ही कारवाई नाही." ऑफिसवाल्यांनी हे तिथेच टाईप करून घ्यावं. चर्चेनंतर गाईड आणि अजून एक शिक्षक, दोघांची सही, निर्णय कशावरून घेतला ते तीन ओळीत. एकट्याच्या सहीच्या मेमोला लायब्ररी रिपोर्ट जोडून देणार नाही, प्रिन्सिपल सरांशी बोलून झालंय.

येताना स्वतःच्या एका जुन्या पेपरची सॉफ्ट कॉपी आणा, वेळ उरला तर तीच मशीनमध्ये टाकून बघू. माझ्या २०११ च्या लेखाला एआय ४१ टक्के आलेत, तो मी स्क्रीनवर लावणार आहे. मिसळ १:३० ला, तिखट न चालणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत सांगा.