पाडव्याच्या फुलांसोबतचं कार्ड

दिवाळी पाडवा, २ नोव्हेंबर २०२४

प्रिय मृणाल,

यंदा ओवाळणी आधी पोचतेय. ओवाळणं मागून येऊ दे.

ही पिवळी शेवंती बघून तुझ्या घरमालकीणबाई गंभीर झाल्या असतील, तर आधी त्यांना सांग की आमच्याकडे सगळे सुखरूप आहेत. ऑर्डर दिल्यावर फुलवाल्या बाईंचा फार अदबीने ई-मेल आला, फुलं कबरीवर ठेवायची आहेत का? १ नोव्हेंबरला तिकडे सगळे आपापल्या गेलेल्या माणसांच्या कबरीवर शेवंती नेतात म्हणे, त्यामुळे घरी कुणाला द्यायची तर गुलाब घ्या, जर्बेरा घ्या. मी कळवलं, बाई, आमच्याकडे हीच फुलं लक्ष्मीपूजनाला लागतात, आणि हिचीच वेणी बायको केसात माळते. त्यावर त्यांनी आणखी काही विचारलं नाही. केशरी गुलाब मात्र त्यांनी आपल्या मनाने घातलेत, त्याचे पैसेही लावले नाहीत. जाता-येता त्यांना डचमधून थँक यू म्हण. तुझं डच माझ्या इंग्रजीपेक्षा गोड असणार.

झेंडू मिळाला नाही. इथे सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नाही, झेंडूचे नुसते ढीग लागलेत. आपलं गाव एके काळचं गुलशनाबाद, आणि मी बायकोसाठी फुलं घेतोय ल्यूव्हनच्या दुकानातून! चालायचंच.

तुझ्याशिवायचा हा पहिला पाडवा. आईने रांगोळीचे डबे काढून ठेवलेत, पण दारातली मोठी रांगोळी तूच काढायचीस, त्यामुळे या वर्षी ठिपक्यांवर भागणार असं दिसतंय. पहाटे बाबांना घेऊन पिंपळपारावर गाण्याला जाईन. ते दुसऱ्या गाण्याला पेंगायला लागतात आणि घरी येऊन गायकाच्या चुका काढतात, तुला माहितीच आहे. मला खरी चुकचुक लागलीये ती उटण्याची. अंगाला उटणं चोळताना तू पाठीवर मुद्दाम गार पाणी ओतायचीस, तेव्हा मी ओरडायचो. यंदा कोण ओतणार?

आता महत्त्वाचं. आपण संध्याकाळी पाचला बोलायचं, म्हणजे तुझे दुपारचे साडेबारा. गेल्या रविवारी तुमची घड्याळं एक तास मागे गेलीत, त्यामुळे आता साडेतीन नाही, साडेचार तासांचा फरक धरायचा. मी पाटावर बसेन, समोर फोन उभा करेन, तू ताम्हण घेऊन ओवाळ. निरांजन खिडकीपाशी लाव आणि फुलवात एकच ठेव. स्वयंपाकघरात फोडणी दिली तरी तुझा तो धुराचा अलार्म बोंबलतो, पाडव्याच्या दिवशी अख्खी बिल्डिंग खाली उतरायला नको. कुंकू नसेल तर हळदीवर भागव. माझ्या कपाळाऐवजी फोनच्या काचेला लागणार आहे, तेवढं पुसून टाक.

फुलं लॅबमध्ये नेऊ नकोस. तुमच्या क्लीनरूममध्ये पावडरसुद्धा चालत नाही, तिथे शेवंती कुठली! पण एक फूल काढून केसात खोच, व्हिडिओवर मला दिसलं पाहिजे. बाकीच्यांचे देठ तिरके काप, पाण्यात बुडणारी पानं खुडून टाक आणि दोन दिवसांनी पाणी बदल. गुलाब आधी माना टाकतील. शेवंती चिवट असते, आठवडाभर तरी टिकेल.

मला पल्लेदार लिहिता येत नाही. रात्री जेवणं झाली की गॅलरीत येऊन उभा राहतो, कॉलेज रोडची रोषणाई दिसते, आणि तुला फोन करावासा वाटतो. मग आठवतं, तू आत्ता मशीनसमोर तो पांढरा सूट घालून उभी असशील. मग फोन खिशात ठेवतो. असं रोज होतं. तू तिथे जे करतेयस त्याचा मला फार अभिमान आहे, आणि तू इथे नाहीस याचा रागही येतो. दोन्ही खरं आहे.

भाऊबीजेचं ओंकार बघून घेईल, मी मध्ये पडत नाही.

पाडव्याच्या खूप शुभेच्छा, राणी. जपून राहा, कोट घालून बाहेर पड.

तुझाच,
समीर

ता. क. दुकानाच्या फॉर्ममध्ये मराठी टाइप होईना, म्हणून हातानेच लिहून फोटो पाठवला. त्यांनी तो कार्डावर छापायचं कबूल केलंय. अक्षर लागलं नाही तर संध्याकाळी वाचून दाखवीन. आणि आईने पाठवलेला अनारशांचा डबा उघडलास का? ती मला रोज विचारते. तूच तिला फोन कर, आणि मोडलेले निघाले तरी छान झालेत म्हण.