पहिल्या वर्षातली बोलणी आणि ताण : नव्या स्टाफ नर्सेसशी बोलताना

उद्यापासून तुमच्या ड्यूट्या लागताहेत. पाच जण मेडिसिनला, पाच सर्जिकलला, चार जण ऑर्थोला. इंजेक्शन, ड्रेसिंग, कॅथेटर हे सगळं तुम्ही परीक्षेत करून दाखवलंय, त्यावर मी आज वेळ घालवणार नाही. बोलायचंय ते पहिल्या वर्षी जी बोलणी खावी लागतात त्यांच्याबद्दल.

राउंडला इनटेक-आउटपुट चार्ट अर्धवट निघाला की डॉक्टर बोलतील. हँडओव्हरला सलाईनचा हिशोब लागला नाही की पुढच्या शिफ्टची सिस्टर बोलेल. बेडपॅन द्यायला उशीर झाला की नातेवाईक बोलतील. हे कुणालाच चुकलेलं नाही. मला काळजी आहे ती वेगळीच. बोलणी टाळायची म्हणून नवीन मुलं-मुली जे करतात, त्याने पेशंटचा जीव धोक्यात येतो. विचारलं तर 'एवढंही येत नाही का' असं ऐकावं लागेल, म्हणून न विचारता अंदाजाने डोस काढला जातो. घाई दिसू नये म्हणून श्वास न मोजताच सगळ्यांच्या चार्टवर २० लिहिला जातो. आणि चूक झाली की ती दाबली जाते.

एक उदाहरण नीट बघू या. पेशंटला १० युनिट साधं इन्सुलिन त्वचेखाली द्यायचंय. व्हायल १०० युनिट प्रति मिलीची आहे आणि हातात आली लाल टोपीची सिरिंज, म्हणजे ४० युनिटवाली. तुम्ही १० च्या रेघेपर्यंत भरलं. त्या सिरिंजमध्ये १० ची रेघ म्हणजे पाव मिली. १०० च्या व्हायलमधलं पाव मिली म्हणजे २५ युनिट. अडीच पट डोस गेला. सिरिंज टाकताना तुमचं लक्ष टोपीकडे जातं आणि पोटात गोळा येतो.

साधं इन्सुलिन त्वचेखाली दिल्यावर परिणाम सुरू व्हायला साधारण अर्धा तास लागतो, आणि जोर येतो दोन ते चार तासांच्या दरम्यान. त्याच मिनिटाला सांगितलंत, तर हा अर्धा तास आपल्या हातात असतो. आधी पेशंटकडे जायचं, शुद्धीवर आहे ना बघायचं, ग्लुकोमीटरवर शुगर घ्यायची. दुसऱ्या कुणाला तरी इन्चार्ज सिस्टरना बोलवायला सांगायचं. ड्यूटी डॉक्टरला फोनवर स्पष्ट सांगायचं, 'दहाऐवजी पंचवीस युनिट गेलं, इतक्या वाजता, आत्ताची शुगर इतकी.' डेक्स्ट्रोज आणि आयव्ही लाइन तयार ठेवायची, डॉक्टर सांगतील तेवढ्या अंतराने शुगर तपासत राहायची. पेशंटला काही होण्याआधीच आपण सावध असतो. हीच गोष्ट भीतीपोटी तीन तास लपवली आणि रात्रीची वेळ असली, तर घाम आणि थरथर झोपेत कुणाच्या लक्षात येत नाही. सकाळी पेशंट उठत नाही. सांगितलंत तर बोलणी बसतीलच, कदाचित सगळ्यांसमोर बसतील. ती ऐकून घ्या, पण आधी पेशंटचं काम उरका.

मग लिहायचं. नोट्समध्ये फक्त घडलं ते : वेळ, औषध, द्यायचा डोस, दिलेला डोस, व्हायटल्स, कुणाला किती वाजता कळवलं, काय ऑर्डर मिळाली. 'गर्दी होती', 'सिरिंज कुणीतरी चुकीच्या ट्रेमध्ये ठेवली' हे नोट्समध्ये येत नाही. घटना-अहवालाच्या फॉर्ममध्ये मात्र ते जरूर लिहा, कारण दोन्ही प्रकारच्या सिरिंज एकाच ट्रेमध्ये होत्या हे कळलं तरच ट्रे बदलेल. व्हाइटनर कधीही वापरायचा नाही. चुकलेल्या शब्दावर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि वेळ.

आता कामाच्या दडपणाबद्दल. एकाच वेळी बेड चारचं सलाईन संपलंय, बेड नऊला धाप लागलीये, फोन वाजतोय आणि ओटीवाले पेशंट न्यायला आलेत. अशा वेळी जो सगळ्यात मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे पाय वळतात. ते टाळा. आधी श्वास, मग रक्तस्राव आणि शुद्ध हरपणं, मग वेळेची औषधं, मग बाकीचं. बेड नऊकडे जाता जाता मोठ्याने सांगा, 'मी नऊला आहे, चारचं सलाईन कुणीतरी बघा.' मदत मागितली म्हणून कुणी हसलं तर हसू द्या.

औषध भरताना कुणी हाक मारली आणि जावंच लागलं, तर परत आल्यावर अर्ध्यातून सुरू करायचं नाही. लेबल नसलेली अर्धवट सिरिंज टाकून द्यायची आणि ऑर्डर वाचण्यापासून पुन्हा सुरुवात. यात दोन-तीन मिनिटं जातात, त्यावरून कुणी 'किती हळू' म्हणालं तर म्हणू दे. इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम क्लोराइड यांना दुसऱ्या सिस्टरची तपासणी हवीच, आणि तिने स्वतः वेगळा हिशोब करायचा, तुमच्या हिशोबावर मान हलवायची नाही. पोटॅशियम तर थेट शिरेत ढकलायचंच नाही, हृदय बंद पडू शकतं. पातळ करून, ठरलेल्या वेगानेच जातं. कुणी कितीही घाई केली तरी इथे 'नाही' म्हणायचं.

हिशोबही डोक्यात करू नका. ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचंय आणि सेट २० थेंबांचा आहे, तर ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. कागदावर लिहा. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीर सगळ्यात सुस्त असतं आणि साधा भागाकारही चुकतो. तेव्हाचे हिशोब दुसऱ्याला दाखवूनच पुढे जा.

डॉक्टरांना रात्री फोन करायला नवीन लोक घाबरतात, कारण 'एवढ्यासाठी उठवलं?' हे ऐकावं लागतं. बऱ्याचदा ते ऐकावं लागतं ते फोन केल्यामुळे नाही, तर फोनवर अडखळल्यामुळे. चार्ट हातात घेऊनच फोन लावा. मी कोण, कुठला बेड, आत्ता काय झालंय. पेशंट कशासाठी भरती आहे. बीपी, पल्स, श्वास, सॅच्युरेशन किती. मला काय वाटतंय. मला काय हवंय, 'तुम्ही येऊन बघावं'. पाऊण मिनिटाचं बोलणं आहे. ऑर्डर मिळाली की लिहायची आणि लिहिलेलं वाचून दाखवायचं. आकडा तोडून म्हणायचा : फिफ्टीन, एक-पाच. फिफ्टी, पाच-शून्य. या दोन आकड्यांचा फोनवर सहज घोटाळा होतो. वाचून दाखवताना समोरचा वैतागला तरी पुरं वाचा. आणि पेशंट ढासळतोय, डॉक्टर येत नाहीत, तर त्यांच्या वरच्यांना फोन करायचा, इन्चार्जना सांगून. हे तुमचं कामच आहे, उद्धटपणा नाही.

शीर दोन प्रयत्नांत मिळाली नाही की तिसरा प्रयत्न तुम्ही करायचा नाही, दुसऱ्याला बोलवायचं. यात कमीपणा नाही.

आता प्रत्यक्ष बोलणी बसतात तेव्हा काय करायचं. एक वाक्य पाठ ठेवा : 'हो, आत्ता करते.' राउंडमध्ये, पेशंटसमोर, एवढंच. खुलासा खरा असला तरी तिथे तो बचावासारखा ऐकू येतो आणि बोलणी लांबतात. राउंड संपल्यावर, शक्यतो त्याच शिफ्टमध्ये, जाऊन विचारा : 'सर, सकाळच्या चार्टमध्ये नेमकं काय वेगळं हवं होतं?' 'नेमकं' हा शब्द सोडू नका. 'तुझं लक्षच नसतं' या वाक्यातून काही सुधारता येत नाही. विचारल्यावर कळतं की ड्रेनचा आकडा दर शिफ्टच्या शेवटी लिहिला जात नव्हता. हे मात्र उद्यापासून करता येतं.

सूर वाईट आणि मुद्दा बरोबर, असं फार वेळा होईल. सूर सोडून द्या, मुद्दा वहीत लिहा. खिशात मावेल अशी छोटी वही ठेवा, पेशंटचं नाव किंवा नंबर तिच्यात नको. तारीख, काय चुकलं, आता काय करणार. एकच गोष्ट तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली, तर तुमचा निश्चय कमी पडतोय असं समजू नका, कामाची पद्धत बदलायला हवी असं समजा. ड्रेनचा आकडा विसरतो का? मग तो हँडओव्हरच्या कागदावर आधीच छापून घ्या. चुकीचा आरोप झाला असेल तर तेही शांतपणे सांगा, पण चार्ट दाखवून : 'दहाचा डोस दिलाय, इथे वेळ आणि सही आहे.'

पण शिवीगाळ, अंगावर धावून येणं, फाइल फेकून मारणं, जातीवरून, दिसण्यावरून, बोलीवरून टोमणे, नको तो स्पर्श, या गोष्टींना बोलणी म्हणत नाहीत. त्या सहन करायच्या नाहीत. त्याच दिवशी तारीख, वेळ, शब्द जसेच्या तसे आणि हजर असलेल्यांची नावं लिहून ठेवा, इन्चार्जना सांगा. इन्चार्जच तसं वागत असतील तर मेट्रनना, आणि लैंगिक छळ असेल तर थेट तक्रार समितीकडे.

नातेवाइकांचा राग बहुतेक वेळा वाट बघून आलेला असतो. 'माझं काम नाही' म्हणू नका, कुणाची चूक यावरही वाद नको. 'दहा मिनिटांत येते' म्हणा आणि दहाव्या मिनिटाला खरंच जा, उत्तर मिळालं नसलं तरी जा. जमाव चढून आला तर एकट्याने समजूत घालत बसायचं नाही, बाहेर जायचा रस्ता पाठीशी ठेवून सिक्युरिटीला बोलवायचं.

ड्यूटी संपताना दोन मिनिटं कागद तपासा : सगळ्या सह्या झाल्या का, राहिलेलं काम पुढच्या सिस्टरला सांगितलं का. 'ते इंजेक्शन दिलं होतं ना?' हा विचार घरी झोपू देत नाही. तरीही आठवलंच काही, तर पडून तळमळण्यापेक्षा वॉर्डला फोन करा. रात्री दोन वाजता केलात तरी चालेल.

पहिले काही आठवडे थकवा येणार, एखाद्या दिवशी रडूही येईल. पण झोप, भूक, कशातच मन न लागणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, किंवा ड्यूटीच्या विचाराने रोज उलटी होऊ लागली, तर मला नाहीतर स्टाफ हेल्थच्या डॉक्टरांना येऊन भेटा. जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी सांगा, शिफ्ट संपायची वाट बघू नका. ड्यूटी आम्ही सांभाळू.

पहिले तीन महिने प्रत्येकाला एक सीनियर जोडून दिली आहे, यादी दारापाशी लावली आहे. तिचा फोन नंबर आत्ताच घ्या, आणि उद्या ड्यूटीच्या पंधरा मिनिटं आधी येऊन तिच्याबरोबर दोन्ही रंगांच्या सिरिंज कुठे ठेवल्यात ते बघून घ्या.