कोलिनर्जिक औषधं आणि ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधा: स्लाइडवरून तयार केलेली प्रश्नोत्तरी

बी. फार्म., चौथं सत्र, फार्माकॉलॉजी-१. सांगलीच्या वर्गात दाखवलेल्या २६ स्लाइडवर आधारित.

कंसातला आकडा स्लाइडचा आहे. शीर्षक, उद्दिष्टं आणि आभाराची स्लाइड वगळली आहे. स्लाइडवर नुसते बाण होते तिथे बाणामागचं कारण लिहिलं आहे, कारण पेपरात मार्क कारणालाच मिळतात. स्लाइड १९ वरचा एक मुद्दा बदलला आहे. प्रश्न ७ पाहा. उत्तर झाकून आधी वहीत लिहा, मग ताडून बघा.

प्र. १ (४, ५). ॲसिटिलकोलिन तयार होण्यापासून सुटेपर्यंतचा कोणता टप्पा कोण अडवतं?
कोलिन चेतापेशीत शिरतं, तिथे हेमिकोलिनियम अडवतं. आत कोलिन ॲसिटिलट्रान्सफरेज हे एन्झाइम कोलिन आणि ॲसिटिल-कोए यांपासून ॲसिटिलकोलिन बनवतं. ते पुटिकेत भरलं जातं, तिथे व्हेसामिकॉल आडवं येतं. बाहेर सोडणं बोट्युलिनम टॉक्सिन बंद पाडतं. तिन्ही नावं एकदम लक्षात राहत नाहीत. आकृती काढून त्या-त्या जागी फुली मारा.

प्र. २ (६). मस्करिनिक आणि निकोटिनिक रिसेप्टरमध्ये मूळ फरक काय?
मस्करिनिक रिसेप्टर जी-प्रोटीनमार्फत काम करतात (एम१, एम३, एम५ जीक्यूमार्फत; एम२, एम४ जीआयमार्फत). निकोटिनिक रिसेप्टर हा स्वतःच आयन चॅनेल आहे, म्हणून परिणाम क्षणात दिसतो. हृदयावर एम२, ग्रंथी आणि गुळगुळीत स्नायूंवर एम३, कंकाल स्नायूवर एनएम, गँग्लियावर एनएन.

प्र. ३ (९). निओस्टिग्मिन आणि फायसोस्टिग्मिन दोन्ही एकच एन्झाइम अडवतात, मग वापर वेगळा का?
निओस्टिग्मिन हे क्वाटर्नरी अमोनियम, कायम धनभारित. मेंदूत जवळजवळ जात नाही. म्हणून मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये चालतं. फायसोस्टिग्मिन टर्शरी अमाइन, मेंदूत जातं. म्हणून ॲट्रोपिनच्या विषबाधेतल्या भ्रमावर उपयोगी. फक्त ‘क्वाटर्नरी’ लिहून थांबू नका, ‘भार असल्यामुळे मेंदूत जात नाही’ हे वाक्य हवंच.

प्र. ४ (१२, १३). ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट यांत फरक काय?
दोन्ही ॲसिटिलकोलिनेस्टरेजच्या सेरीनला चिकटतात. कार्बामेटचा बंध काही तासांत आपोआप सुटतो. ऑर्गॅनोफॉस्फेटचा फॉस्फरसचा बंध फार सावकाश सुटतो. क्लोरपायरीफॉससारखं थायोफॉस्फेट आधी यकृतात ऑक्सॉनमध्ये बदलतं आणि मगच जोर धरतं, म्हणून लक्षणं उशिरा वाढू शकतात.

प्र. ५ (१४). ‘एजिंग’ म्हणजे काय आणि घड्याळाशी त्याचा काय संबंध?
चिकटलेल्या फॉस्फेटवरचा एक अल्किल गट गळून पडतो. उरलेला बंध इतका पक्का होतो की प्रॅलिडॉक्सिम तो तोडू शकत नाही; नवीन एन्झाइम तयार होण्याचीच वाट पाहावी लागते. डायमिथाइल संयुगात (डायमेथोएट, मोनोक्रोटोफॉस) अर्धं एन्झाइम साधारण ४ तासांत जातं, डायइथाइलमध्ये (क्लोरपायरीफॉस) साधारण ३३ तासांत. त्यामुळे नातेवाइकांना दोन गोष्टी विचारायच्या: कधी, आणि कोणतं. कीटकनाशकाची बाटली किंवा निदान लेबल सोबत आणायला सांगावं.

प्र. ६ (१५–१७). तासगावकडचा ३५ वर्षांचा शेतमजूर, द्राक्षबागेत फवारणी करून आला. घाम, लाळ, उलट्या, बाहुल्या टाचणीएवढ्या, छातीत घरघर, पापण्या आणि पोटऱ्या फडफडतात. लक्षणं रिसेप्टरनुसार वाटा.
मस्करिनिक: लाळ, उलट्या, बारीक बाहुल्या, श्वासनळीतला स्राव आणि आकुंचन. घामही इथेच. घर्मग्रंथींची नस सिम्पथेटिक असली तरी ती ॲसिटिलकोलिनच सोडते (तोंडी परीक्षेतला आवडता प्रश्न). निकोटिनिक: स्नायूंची फडफड, पुढे अशक्तपणा आणि लकवा. मेंदूतले परिणाम: गोंधळ, झटके, श्वसनकेंद्र मंद होणं. मृत्यू श्वसन बंद पडून होतो. कपडे उतरवून अंग साबण-पाण्याने धुवायचं. फवारणीचा सदरा अंगावर राहिला तर कातडीतून विष आत जातच राहतं. धुणाऱ्यानेही हातमोजे घालावेत.

प्र. ७ (१८, १९). ॲट्रोपिन किती आणि कधीपर्यंत?
स्लाइडवर ‘बाहुल्या मोठ्या होईपर्यंत’ असं होतं. ते गाळलं आहे. बाहुली उशिरा बदलते, शिवाय डोळ्यात थेंब उडाला असेल तर ॲट्रोपिन पुरेसं झालं तरी ती बारीकच राहू शकते. बघायचं ते हे: स्टेथोस्कोपने दोन्ही फुप्फुसं कोरडी, नाडी मिनिटाला ८० च्या वर, सिस्टॉलिक रक्तदाब ८० च्या वर, काखा कोरड्या. सुरुवात प्रौढात १ ते ३ मि.ग्रॅ. शिरेतून, ५ मिनिटांत सुधारणा नसेल तर मात्रा दुप्पट. नाडी आधीच जलद आहे म्हणून ॲट्रोपिन रोखायचं नाही: गँग्लियावरच्या निकोटिनिक परिणामामुळे किंवा ऑक्सिजन कमी पडल्यामुळेही ती वाढते. उलट ताप, बडबड, आतड्यांचा आवाज बंद, ही त्रिसूत्री दिसली तर मात्रा जास्त झाली. थांबवून नंतर कमी दराने सुरू करायचं.

फडफड आणि लकवा ॲट्रोपिनने जात नाहीत, कारण ते निकोटिनिक रिसेप्टरवर काम करत नाही. ही एक ओळ विसरल्याने दरवर्षी मार्क जातात.

प्र. ८ (१९ वरून गणित). अँप्यूल ०.६ मि.ग्रॅ.चं आहे. २.४ मि.ग्रॅ.ने सुरुवात करून दोनदा दुप्पट केलं, तर किती अँप्यूल लागले?
२.४ + ४.८ + ९.६ = १६.८ मि.ग्रॅ. भागिले ०.६ = २८ अँप्यूल. फक्त १० मिनिटांत. साठा ठेवताना फार्मासिस्टने हे गणित डोक्यात ठेवायचं. चूक होते ती शेवटची मात्राच मोजण्याची (१६ अँप्यूल). एकूण विचारली आहे.

प्र. ९ (२०, २१). प्रॅलिडॉक्सिम कसं काम करतं? ६० किलोच्या रुग्णाला किती?
त्याचा धनभारित नायट्रोजन एन्झाइमच्या ॲनायनिक जागेशी बसतो आणि ऑक्सिम गट फॉस्फरस ओढून घेतो. सेरीन मोकळं होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मात्रा: ३० मि.ग्रॅ./किलो सावकाश, मग ताशी ८ मि.ग्रॅ./किलो.
६० किलोसाठी सुरुवातीला १८०० मि.ग्रॅ., नंतर ताशी ४८० मि.ग्रॅ. अँप्यूल ५०० मि.ग्रॅ./२० मि.ली.चं असेल तर १८०० मि.ग्रॅ. म्हणजे ७२ मि.ली. झपकन दिलं तर नाडी जलद होते, स्नायू ताठतात, श्वसनही अडू शकतं. ॲट्रोपिन सुरू केल्याशिवाय हे एकटं देत नाहीत.

पुरावा मात्र एका बाजूचा नाही. बारामतीत झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर ४ तासांनी १ ग्रॅमपेक्षा ताशी १ ग्रॅम सलग देण्याने फायदा दिसला. श्रीलंकेतल्या २००९ च्या चाचणीत मृत्युदर कमी झाला नाही. दीर्घोत्तरात दोन्ही लिहा.

प्र. १० (२३). रुग्ण सुधारला, मग पुन्हा मान उचलेना. काय झालं?
२४ ते ९६ तासांत येणारा ‘इंटरमिजिएट सिंड्रोम’: मान, खांदे-मांड्या आणि श्वसनाचे स्नायू अशक्त होतात. श्वसनयंत्र लागू शकतं. ॲट्रोपिन वाढवून भागत नाही. मान उशीवरून उचलायला सांगणं ही साधी तपासणी. १ ते ३ आठवड्यांनी पाय अशक्त झाले तर ती वेगळी गोष्ट, विलंबित न्यूरोपॅथी.

प्र. ११ (२४). अशा रुग्णात सक्सामेथोनियम का टाळतात?
ते प्लाझ्मातल्या ब्युटिरिलकोलिनेस्टरेजने तुटतं आणि ऑर्गॅनोफॉस्फेट तेही एन्झाइम अडवतं. मिनिटांचा परिणाम तासांवर जातो.

प्र. १२ (२५). झटके आले तर?
डायझेपाम १० मि.ग्रॅ. शिरेतून, सावकाश, श्वसनावर लक्ष ठेवून. प्रॅलिडॉक्सिम मेंदूत नीट पोचत नाही, त्याच्यावर विसंबू नका.