वैशू, तुझ्या मुहूर्ताला मी आले नाही

वैशू,

काल अक्षय्य तृतीयेला तुझ्या मांड्यांच्या दुकानाचा मुहूर्त झाला आणि मी आले नाही. साधा फोनसुद्धा केला नाही. चुकलं माझं. माफ कर गे.

का आले नाही, ते लिहीत बसत नाही. खानापूरहून शहापूर काही लांब नाही. यायला पाहिजे होतं, आले नाही, एवढंच.

सकाळी काकूंशी बोलले. नारळ हातात धरून तू पाव तास दारात उभी होतीस म्हणाल्या. भटजी घाई करत होते, खरं तू त्यांना ‘येतेय ती, थांबा जरा’ म्हणत होतीस. ते ऐकल्यापासून दुसरं काही सुचत नाही. सगळ्या गल्लीसमोर तू माझ्या भरवशावर उभी राहिलीस आणि मी तुला तसंच उभं ठेवलं.

काहिलीवरून उतरलेल्या पहिल्या मांड्याची घडी मी घालायची, हे तूच ठरवलं होतंस. त्यासाठी महिनाभर मला शिकवलंस. मांडा गरम असतानाच घडी पडली पाहिजे, गार झाला की तुटतो, म्हणून माझा हात धरून धरून करून घेतलंस. माझ्या हातून किती मोडले, एकदाही तोंड वाकडं केलं नाहीस. काल ती घडी काकूंनी घातली आणि त्यांच्या बोटांना चटका बसला, हेही कळलं. त्यांची मी फोनवर माफी मागितली, समोर येऊन परत मागणार आहे.

माझ्या लेकीच्या बारशाला तू भर जुलैच्या पावसात शेवटच्या बसने आली होतीस. साडी पिळून काढावी लागली, खरं पदराखाली धरलेला कुंद्याचा डबा कोरडा होता. तुझ्या एवढ्या मोठ्या दिवशी माझ्याकडून तेवढंही झालं नाही.

स्टेटसवर दुकानाचा फोटो बघितला. दारावरची पाटी फार छान झालीय. ते निळं अक्षर तू हट्टानं करून घेतलंस, बरं केलंस. अभिनंदन. हे काल तुझ्यासमोर उभं राहून म्हणायचं होतं.

रविवारी सकाळी पहिल्या बसने येते. तूप कढवायचं, डबे भरायचे, भांडी घासायची, सांगशील ते करते, दुकान बंद होईपर्यंत आहे. एवढ्यात माझं तोंड बघायचं नसेल तर तसं सरळ सांग. तू म्हणशील तेव्हा येईन.

आज रात्री नऊनंतर, तुझं आवरल्यावर फोन करते. उचलला नाहीस तर उद्या परत करते.

तुझी,
सुमन