थॉमस सरांचा निरोप: शनिवारी रोडग्याला येणं होत नाही

संध्याताई,

थॉमस सरांनी इंग्रजीत लिहिलेला मेसेज मराठीत करून खाली देतो आहे. जसाच्या तसा कॉपी करून त्यांच्याच मोबाइलवरून जाऊ द्या.

गजाननभाऊ, नमस्कार.

शनिवारी वावरात रोडग्याचा बेत केलात आणि मला आठवणीनं आवतण दिलंत, फार बरं वाटलं. पण भाऊ, शनिवारी मला येता येणार नाही. त्याच संध्याकाळी माझी आई केरळहून गाडीनं नागपूरला उतरते आहे. तिला आणायला मलाच जावं लागेल, आणि आर्वीला परत यायला बरीच रात्र होईल. तेव्हा माझ्यासाठी थांबू नका, ताटही झाकून ठेवू नका. सगळे वेळेवर जेवून घ्या.

तुमच्या मायच्या हातच्या वांग्याच्या भाजीची चव अजून जिभेवर आहे, ती चुकते याचं खरंच वाईट वाटतं. आई दहा दिवस इथे आहे. पुढच्या रविवारी संध्याकाळी तिला घेऊन तुमच्याकडे यावं म्हणतो. त्या दिवशी अडचण असेल तर तुम्ही सांगाल तो दिवस. रोडग्यांचा खटाटोप नको, घरी रोज होतं तेच आम्हालाही वाढा. आई केळ्याचे वेफर्स आणते आहे, लेकरांना सांगून ठेवा.

मायला आणि वहिनींना नमस्कार.

तुमचा,
थॉमस

आता काय बदललं ते सांगतो, कारण पाठवण्याआधी सरांना ते वाचून दाखवायला हवं.

इंग्रजीत कारणाच्या जागी एवढंच होतं की आधी ठरलेलं एक काम आहे. इंग्रजीत ते सभ्य वाटतं, तिथे पुढे कोणी विचारत नाही. मराठीत मात्र ‘पूर्वनियोजित कार्यक्रमामुळे उपस्थित राहू शकत नाही’ असं झालं, की ग्रामपंचायतीच्या सभेला न येणाऱ्या साहेबाचं पत्र वाटतं. गजाननभाऊंच्या मनात पहिला प्रश्न हाच येईल की आपल्यापेक्षा मोठं असं कोणतं काम निघालं. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांनासुद्धा ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या’ म्हणतात. ज्या गावात बैलाचं आवतण इतक्या मानानं दिलं जातं, तिथे माणसानं आवतण मोडताना खरं कारण सांगायलाच हवं. आई येणार असल्याचं तुम्ही फोनवर बोललात म्हणून ते घातलं. सरांची हरकत असेल तर ‘घरचं काम निघालं’ असं करा, पण खोटं आजारपण लिहू नका. तब्येतीचं नाव निघालं की भाऊ रात्रीच मोटरसायकल काढून सरांच्या खोलीवर हजर होतील.

नकार दुसऱ्याच वाक्यात आणि सरळ ठेवला आहे. ‘बघतो’, ‘जमलं तर येतो’, ‘प्रयत्न करतो’ यांतलं काहीही घालू नका. ऐकायला गोड लागतं, पण त्याचा अर्थ घरात ‘येणार’ असाच घेतला जातो. मग रोडगे गोवऱ्यांच्या आरात टाकून सगळे वाटेकडे डोळे लावून बसतात, आणि पाहुण्याआधी जेवायचं नाही म्हणून लेकरंही ताटकळतात. राग नकाराचा येत नाही, या ताटकळण्याचा येतो. ‘थांबू नका’ हे वाक्य त्याचसाठी आहे. इंग्रजीत ते नव्हतं.

माफी मूळ मेसेजात दोनदा होती आणि आभार तीनदा. मराठीत तेवढं ठेवलं असतं तर दोस्तीतलं बोलणं सत्कार समारंभासारखं झालं असतं. आभाराच्या जागी ‘फार बरं वाटलं’ आणि माफीच्या जागी ‘खरंच वाईट वाटतं’ घेतलं. दोन्ही एकेकदाच, तेवढं पुरतं. भाजीचं कौतुक मात्र सोडलं नाही. सरांनी ती आजवरची सर्वांत चांगली भाजी म्हटली होती. मी मायचं नाव तसंच ठेवून वाक्य आपल्या बोलण्यातलं केलं. मेसेज घरात मोठ्यानं वाचला जाईल तेव्हा माय तेवढंच ऐकेल.

एक वाक्य पूर्ण काढलं. भरपाई म्हणून केरळी माशाचं कालवण खाऊ घालीन, असं सरांनी लिहिलं होतं. गजाननभाऊ माळकरी आहेत. ते काही बोलणार नाहीत, पण दोन वर्षांच्या ओळखीत सरांना हे ठाऊक नाही असं त्यांना वाटेल. वेफर्सचं तुम्हीच सांगितलं होतं, ते त्या जागी बसलं. रविवारी एकादशी येते का, तेवढं कॅलेंडरमध्ये पाहून घ्या; येत असेल तर सोमवार लिहा.

‘पुन्हा कधीतरी’ हे मूळ मेसेजातलं शेवटचं वाक्य होतं. कधीतरी म्हणजे कधीच नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना कळतं. म्हणून दिवस घातला, आणि तो बदलायची मोकळीक भाऊंकडे ठेवली, कारण कापूस वेचणीचे दिवस आहेत आणि मजूर कधी मिळतील ते त्यांच्या हातात नाही. दिवसाबद्दलही सरांना आधी विचारा.

मेसेज मी मुद्दाम वऱ्हाडीत लिहिला नाही. सरांना मराठी जेमतेम येते. त्यांच्या नावानं एकदम ठसठशीत वऱ्हाडी गेली तर कोणी दुसऱ्यानंच लिहून दिलं हे उघड होईल, किंवा चिडवल्यासारखं वाटेल. ‘आवतण’, ‘वावर’, ‘माय’, ‘लेकरं’ हे शब्द ते रोज ऐकतात, तेवढेच ठेवले.

तुम्हाला आधी फोन करायचा झाला तर तो तुमच्या बोलीत करा: ‘गजाननभाऊ, थॉमस सरले शनिवारी येता नाही येत. त्यायची माय केरळातून येऊन रायली, तिले आणाले नागपूरले जा लागते. त्यायची वाट नोका पाहू. पुढच्या रविवारी मायले घेऊन येतो म्हणतात, तुमाले जमते का ते सांगा.’ पण नुसत्या तुमच्या फोनवर भागवू नका. नकार दुसऱ्याच्या तोंडून आला तर तो टाळल्यासारखा होतो.

हे सगळं आजच करा. उद्या शुक्रवारचा बाजार. वांगी तिथूनच येतील, आणि रोडग्याचं जाडसर पीठही चक्कीवर उद्याच दळून होईल. बाजार झाल्यावर कळवलं तर मेसेज कितीही चांगला लिहिलेला असो, खर्च आणि मेहनत झालेली असेल. आणि हे रोडगे मारुतीच्या नवसाचे आहेत का, ते वहिनींना आधी विचारून घ्या. नवसाचे असतील तर मायला नमस्कार सांगण्याआधी एक ओळ घाला: ‘माझ्या वाटचा प्रसाद मात्र राहू द्या, संध्याताई सकाळी येऊन घेऊन जातील.’ साध्या जेवणाचं आवतण नाकारता येतं. प्रसाद नाकारायचा नसतो. तो आणायला तुम्हाला खरंच जावं लागेल, हे धरून चाला.

मेसेज वाचून भाऊ सरांना फोन करतीलच. तेव्हा सर गडबडून इंग्रजीत माफी मागायला लागू नयेत म्हणून एवढं त्यांच्याकडून म्हणवून घ्या: ‘भाऊ, शनिवारी नाही जमत. पुढच्या रविवारी आईला घेऊन येतो.’