औरवाड शाळा बांधकाम निविदा: सादरीकरण पत्र आणि तांत्रिक-वाणिज्यिक सारांश

कोल्हापूर
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, कोल्हापूर.

विषय : मौजे औरवाड, ता. शिरोळ येथील जिल्हा परिषद प्राथमिक शाळेच्या तीन वर्गखोल्या, स्वच्छतागृह व संरक्षक भिंत बांधण्याच्या कामाची निविदा सादर करण्याबाबत.

संदर्भ : ई-निविदा सूचना क्र. १४, सन २०२५-२६, व त्यावरील शुद्धिपत्रक क्र. १.

महोदय,

वरील विषयास अनुसरून आम्ही आमची बी-१ नमुन्यातील निविदा mahatenders.gov.in या संकेतस्थळावर दोन लिफाफा पद्धतीने, डिजिटल स्वाक्षरीसह सादर करीत आहोत. कामाची अंदाजपत्रकीय रक्कम ५८,७४,३०० रुपये असून कामाची मुदत पावसाळ्यासह १० महिने आहे. निविदा शुल्क १,१८० रुपये आणि बयाणा रक्कम ५९,००० रुपये ऑनलाइन भरली असून त्यांच्या पावत्या लिफाफा क्र. १ मध्ये जोडल्या आहेत. आमचा देकार केवळ लिफाफा क्र. २ मध्ये आहे. हे पत्र, सोबतचा सारांश किंवा तांत्रिक लिफाफ्यातील इतर कोणत्याही कागदात त्याचा उल्लेख नाही.

आमची संस्था एकल मालकीची व लहान आहे, आणि सार्वजनिक बांधकाम विभागाकडील आमच्या नोंदणी वर्गाची मर्यादा या कामाच्या रकमेपेक्षा अधिक आहे. नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, वस्तू व सेवा कर नोंदणी, मागील पाच वर्षांच्या उलाढालीचे सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र, बँकेचे पतदारी प्रमाणपत्र, पूर्ण केलेल्या व चालू कामांचे दाखले, यंत्रसामग्रीची यादी आणि काळ्या यादीत नाव नसल्याचे प्रतिज्ञापत्र निविदेतील क्रमानेच जोडले आहे.

दिनांक ३ नोव्हेंबर रोजी आम्ही जागेची समक्ष पाहणी केली. जुन्या इमारतीच्या भिंतीवर ग्रामस्थांनी २०१९ च्या महापुराची खूण राखली आहे, आणि ती त्या इमारतीच्या जोत्यापासून १.३५ मीटर उंचीवर आहे. निविदापूर्व बैठकीत आम्ही जोत्याच्या पातळीविषयी विचारणा केली होती. त्यानंतर शुद्धिपत्रक क्र. १ अन्वये जोते ०.६० ऐवजी ०.९० मीटर उंच धरण्यात आले, याबद्दल आम्ही विभागाचे आभारी आहोत. एवढ्या वाढीने २०१९ सारखे पाणी खोलीबाहेर राहणार नाही, याची आम्हाला जाणीव आहे. परंतु नेहमीच्या पावसाळ्यात आवारात साचणारे पाणी वर्गात शिरणार नाही, आणि शाळेला दरवर्षी त्रास होतो तो याच पाण्याचा.

आमची निविदा विनाशर्त आहे. सोबतच्या सारांशात जागेविषयी किंवा कामाच्या क्रमाविषयी जी निरीक्षणे नोंदवली आहेत, ती माहितीसाठी आहेत. त्यांतील कोणतेही वाक्य अट म्हणून वाचले जाऊ नये. निविदा उघडल्याच्या दिनांकापासून १२० दिवसांपर्यंत आमचा देकार आमच्यावर बंधनकारक राहील.

आमच्या निविदेचा विचार व्हावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही)
सं. द. पाटील
मालक व अधिकृत स्वाक्षरीकर्ता
कसबा बावडा, कोल्हापूर

सोबत : तांत्रिक-वाणिज्यिक सारांश

तांत्रिक-वाणिज्यिक सारांश

पात्रता व अनुभव

मागील पाच वर्षांत आम्ही सारख्या स्वरूपाची तीन कामे पूर्ण केली आहेत. करवीर तालुक्यातील दोन वर्गखोल्यांचे काम २०२१-२२ मध्ये २४.६० लाख रुपयांचे, हातकणंगले तालुक्यातील समाजमंदिराचे काम २०२२-२३ मध्ये १८.१५ लाख रुपयांचे आणि पन्हाळा तालुक्यातील ग्रामपंचायत कार्यालयाचे काम २०२३-२४ मध्ये ३६.८० लाख रुपयांचे होते. निविदेत एका सारख्या कामाची किमान रक्कम अंदाजपत्रकाच्या ३० टक्के, म्हणजे सुमारे १७.६२ लाख रुपये मागितली आहे, आणि तिन्ही कामे स्वतंत्रपणे ही अट पूर्ण करतात. पन्हाळ्याच्या कामास ४७ दिवसांची मुदतवाढ घ्यावी लागली, हे दाखल्यात दिसतेच. स्लॅबपूर्वी पाऊस सुरू झाल्याने ती वेळ आली, आणि मुदतवाढ दंडाविना मंजूर झाली. त्या अनुभवावरून या निविदेतील कार्यक्रम आम्ही पावसाळ्याकडून मागे मोजत आखला आहे.

निविदा क्षमता (A × N × 2) − B या सूत्राने काढली आहे. यात A म्हणजे चालू किमतीस आणलेली सर्वाधिक वार्षिक उलाढाल ६४.२० लाख, N म्हणजे १० महिन्यांची मुदत वर्षांत, आणि B म्हणजे हाती असलेल्या कामाची याच कालावधीतील शिल्लक रक्कम ३१.४० लाख. हिशेब असा येतो :

```
64.20 × (10/12) × 2 − 31.40 = 75.60
```

म्हणजे क्षमता ७५.६० लाख रुपये असून ती कामाच्या रकमेपेक्षा १६.८६ लाखांनी अधिक आहे. हाती असलेले एकमेव काम कागल तालुक्यात आहे, त्याचे स्लॅब झाले आहेत, आणि तेथील सेंट्रिंगचे साहित्य डिसेंबरअखेर मोकळे होईल.

जागा, पाया व साहित्य

शाळेलगतच्या घराच्या पायासाठी झालेल्या खोदाईत काळी माती सुमारे १.७० मीटरपर्यंत दिसते आणि त्याखाली मुरूम लागतो. नकाशातील पायाची खोली १.५० मीटर आहे. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते, म्हणून तळ मुरमात गेल्याची खात्री विभागाच्या अभियंत्याने जागेवर करून दिल्याशिवाय आम्ही पीसीसी टाकणार नाही. खोली वाढवावी लागल्यास ती लेखी आदेशानेच वाढवू, आणि वाढीव परिमाणाचा मोबदला बी-१ नमुन्यातील कलम ३८ नुसारच अपेक्षित राहील. जोत्यातील भराव काळ्या मातीने न करता आणलेल्या मुरमाने, २० सेंटीमीटरच्या थरांत पाणी मारून व दाबून केला जाईल.

खडी व कृत्रिम वाळू टोप परिसरातील क्रशरवरून येईल. कृत्रिम वाळूत दगडाची पूड जास्त असली की काँक्रीटला पाणी जास्त लागते आणि मजबुती घटते, म्हणून पहिल्या खेपेची चाळणी चाचणी आयएस ३८३ नुसार करून घेऊ आणि तिचा अहवाल आल्यावरच पुढील माल उतरवू. सिमेंट पीपीसी, सळई एफई ५००डी आणि काँक्रीट एम-२५ राहील. स्तंभ व तुळयांच्या रिंगांचे हूक १३५ अंशांत वळवले जातील. लहान कामांवर बार बेंडर ९० अंशांवरच थांबतो, असा आमचाच जुना अनुभव असल्याने हे मुद्दाम लिहिले आहे.

स्लॅब व तुळयांचे मिळून सुमारे २६ घनमीटर काँक्रीट एकाच दिवशी, जोड न ठेवता टाकावे लागेल. आमच्याकडे स्वतःचे दोन १०/७ मिक्सर व तीन नीडल व्हायब्रेटर आहेत. त्यांपैकी एक व्हायब्रेटर राखीव राहील. आयएस ४५६ नुसार एवढ्या काँक्रीटचे तीन नमुने, म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीसाठी नऊ क्यूब, आणि त्याशिवाय ७ दिवसांच्या चाचणीसाठी तीन क्यूब काढले जातील. चाचण्या शासकीय तंत्रनिकेतन, कोल्हापूर येथे होतील व त्यांचा खर्च आमचा राहील. पीपीसी असल्याने पाणी मारणे किमान १० दिवस चालेल आणि त्यासाठी वेगळा माणूस नेमला जाईल.

जागेवर पदविकाधारक अभियंता पूर्ण वेळ उपस्थित राहील. शाळा चालू असताना काम होणार असल्याने बांधकामाच्या भागाभोवती पत्र्याचे कुंपण घातले जाईल, आणि शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी मालाची गाडी आवारात आणली जाणार नाही.

कामाचा कार्यक्रम

जानेवारी २०२६ च्या पहिल्या पंधरवड्यात कार्यारंभ आदेश मिळेल असे धरले आहे. फेब्रुवारीअखेर जोते, २० एप्रिलपर्यंत स्लॅब आणि ३१ मेपर्यंत छताचे जलरोधक काम व बाहेरील गिलावा पूर्ण होईल. शिरोळ तालुक्यात मार्चपर्यंत ऊसवाहतुकीमुळे रस्ते भरलेले असतात व मजूरही कमी मिळतात, म्हणून खडी, वाळू व विटांचा मोठा साठा फेब्रुवारीपूर्वीच जागेवर करू. जुलै व ऑगस्टमध्ये केवळ आतील गिलावा, फरशी व विद्युत काम ठेवले आहे; पंचगंगा व कृष्णेचे पाणी वाढून रस्ता बंद झाला तरी मुख्य काम त्यात अडकणार नाही. इशारा मिळताच सिमेंट व विद्युत साहित्य उंचावरील गोदामात हलवले जाईल. संरक्षक भिंत व बाहेरील रंग पावसानंतर घेऊन ऑक्टोबर २०२६ अखेर काम हस्तांतरित केले जाईल.

वाणिज्यिक बाबी

देकार अंदाजपत्रकाच्या टक्केवारीत असून तो वस्तू व सेवा कर वगळून आहे. कर १८ टक्के दराने स्वतंत्र देय राहील. कामाची मुदत बारा महिन्यांपेक्षा कमी असल्याने निविदेत भाववाढीची तरतूद नाही, हे आम्ही समजून घेतले आहे, आणि मुदतीत सिमेंट किंवा सळईचे दर वाढले तरी जादा मागणी करणार नाही. चालू देयकांतून आयकराची १ टक्का, वस्तू व सेवा कराची २ टक्के व बांधकाम कामगार उपकराची १ टक्का कपात मान्य आहे. गौण खनिजांच्या स्वामित्वधनाच्या पावत्या आम्ही देयकासोबत देऊ. ज्या परिमाणाच्या पावत्या नसतील, त्याची वसुली देयकातून व्हावी.

सुरक्षा अनामत ४ टक्के असून त्यातील निम्मी करारनाम्याच्या वेळी भरली जाईल व निम्मी देयकांतून कापली जाईल. देकार अंदाजपत्रकापेक्षा कमी ठरल्यास निविदेतील अटींप्रमाणे अतिरिक्त सुरक्षा ठेव मुदतीत भरण्याची आमची तयारी आहे. कामाचा विमा विमा संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई यांच्याकडून घेतला जाईल.

जोत्यापर्यंतचा खर्च अंदाजपत्रकीय दरांनी सुमारे १३ लाख रुपये होतो. बँकेची १५ लाख रुपयांची रोख पत मर्यादा उपलब्ध असल्याने पहिले देयक मिळेपर्यंत काम थांबणार नाही. पहिल्या देयकाची मागणी जोत्याचे मोजमाप मोजमाप पुस्तिकेत नोंदल्यानंतरच केली जाईल. दोष दायित्व कालावधीत छताची गळती किंवा गिलाव्याच्या भेगा दिसल्यास विभागाची सूचना मिळाल्यापासून १५ दिवसांत दुरुस्ती सुरू करू.

(सही)
सं. द. पाटील
मालक व अधिकृत स्वाक्षरीकर्ता